चार वस्त्रांची कुळकथा : पॉपलीन, ट्विल, ऑक्सफर्ड आणि वायल

आपल्या शिवणवर्गात दरवर्षी नव्या मुली येतात आणि पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात. “बाई, कापूस एकच, मग पॉपलीन, ट्विल, ऑक्सफर्ड आणि वायल ही चार नावे कशाला? दुकानदार भाव चढवण्यासाठी तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे. रेशीम आणि लोकर यांतला भेद डोळ्यांना दिसतो. येथे चारही सुतीच. तरीही एकाचे पातळ होते, एकाची अर्धी चड्डी होते, एकाचा सदरा होतो आणि एकाचा परकर. एकाचे काम दुसऱ्याकडून करवून घेतले तर कापड वर्षभरात आपला राग व्यक्त करते. पाठीत फाटते, शिवणीत उसवते किंवा गुडघ्यावर पोचे काढते. स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा मी ठरवले की, या चौघांची कुळकथाच सांगावी. कारण त्यांचे गुण त्यांच्या जन्मात आहेत आणि त्या जन्माचा काही भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

प्रथम दोनच शब्द ध्यानी धरावेत. मागावर जे उभे धागे ताणलेले असतात तो ताणा, आणि धोट्याबरोबर जो आडवा धागा इकडून तिकडे जातो तो बाणा. एक वर, एक खाली अशी साधी गुंफण केली की साधी वीण. चटई आणि टोपली विणताना आपण जे करतो तेच हे. आता गंमत अशी की, पॉपलीन आणि वायल ही दोन्ही कापडे या एकाच साध्या विणीची आहेत. दोघी सख्ख्या बहिणी. पण एकीने अंगाशी घट्ट पदर घ्यावा आणि दुसरीने वाऱ्यावर सोडावा, इतका त्यांच्यात फरक. ट्विलची वीण वेगळी, आणि ऑक्सफर्डची वीण साध्या विणीचीच पण जोडीजोडीने चालणारी.

तिसरी गोष्ट सुताचा नंबर. एक पौंड सुतात आठशे चाळीस यार्डांच्या जितक्या लडी भरतात तितका त्याचा नंबर. वीस नंबरचे सूत एका पौंडात १६,८०० यार्ड भरते. शंभर नंबरचे भरते ८४,००० यार्ड, म्हणजे सुमारे पावणेअठ्ठेचाळीस मैल. बोरीबंदरापासून रेल्वेच्या रुळालगत हा धागा सोडीत गेले तर कल्याण मागे टाकून बदलापूरच्याही पुढे तो पोचेल, आणि वजन मात्र एक पौंडच. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. हे एकदा कळले की पुढचा इतिहास सोपा होतो.

जाडेभरडे आधी, तलम मागून

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि ताडदेवला त्यांची गिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. त्या गिरण्यांतून पहिली कित्येक दशके निघे ते सूत बहुतेक वीस नंबरच्या आतबाहेरचे. याचे कारण कारागिरांचे अज्ञान नव्हे. कारण आपला कापूस. वऱ्हाड-खानदेशच्या त्या वेळच्या कापसाचा तंतू आखूड, पाऊण इंचाच्या आसपास. बारीक धाग्यात फार थोडे तंतू मावतात. ते एकमेकांना धरून राहायचे तर प्रत्येक तंतू लांब हवा. आखूड तंतूचे बारीक सूत ओढू गेले की ते चात्यावरच तुटते. म्हणून तलम कापड लँकेशायरहून येई आणि जाडेभरडे येथे होई.

त्यात सरकारची जकात आडवी आली. १८९४ साली इंग्रज सरकारने हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरपेक्षा बारीक सुतावर शेकडा पाच टक्के कर बसवला. हेतू उघड होता. बारीक सुतात लँकेशायरशी कोणी स्पर्धा करू नये. पुढे १८९६ साली तो बदलून गिरणीत विणलेल्या कापडावरच साडेतीन टक्के कर लावला. आपल्याच घरात विणलेल्या कापडावर कर! त्याविरुद्ध पुष्कळ रान उठले, पण त्याची वसुली थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडला आणि कायद्याने तो रद्द झाला १९२६ साली. त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांनी मिसर आणि पूर्व आफ्रिकेचा लांब तंतूचा कापूस आणून बारीक सुताकडे जोराने मोर्चा वळवला. म्हणून आपल्या चौघांपैकी ट्विल आणि त्याची भावकी येथे आधी रुळली, उंची पॉपलीन आणि वायल मागून आली.

या गिरण्यांत स्त्रियाही होत्या, हे आपण विसरू नये. त्रासन खात्यात सूत निघे, साळखात्यात कापड विणले जाई, आणि या दोहोंच्या मध्ये सुताची गुंडाळणी करणाऱ्या वाइंडिंग आणि रिळ खात्यांत बायका काम करीत. तुटलेले सूत बोटांनी जोडून पुन्हा चालू करणे हे त्यांचे काम. तेथे गाठ जाड पडली की ती पुढे कापडात दिसे. पॉपलीनवर हात फिरवताना मध्येच एखादी बारीक गाठ लागते ना, ती अशाच कोणा हाताची खूण.

ट्विल : तिरक्या रेघेचे बळ

ट्विलची ओळख सर्वांत सोपी. कापडावर तिरक्या रेघा दिसतात. येथे आडवा धागा एक वर एक खाली असा न जाता दोन किंवा तीन उभ्या धाग्यांखालून जातो, मग एकावरून; आणि दरेक ओळीत ही पायरी एका धाग्याने सरकते. त्या सरकण्याची रेघ होते. गुंफणी कमी असल्याने धागे एकमेकांना अधिक चिकटून बसवता येतात. म्हणून ट्विल जाड, भारी आणि तरीही लवचिक असते. ते फाडू पाहिले तर चटकन फाटत नाही, कारण धागे जागेवरून थोडे सरकून एकत्र येतात आणि जोर एकट्यावर पडू देत नाहीत. साध्या घट्ट विणीत धाग्याला सरकायला जागा नसते. तेथे एकेक धागा एकटा सापडतो आणि एकेक तुटतो.

याच गुणामुळे ते सैनिकाच्या अंगावर गेले. १८४६ साली पेशावरच्या बाजूला हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची पलटण उभारली आणि तिला मातीच्या रंगाचा वेश दिला. खाक म्हणजे माती, म्हणून खाकी. प्रारंभीचा रंग धुण्यात विटे. १८८४ साली लँकेशायरच्या अ‍ॅक्रिंग्टन गावच्या फ्रेडरिक गॅटी यांनी खनिज क्षारांपासून पक्क्या खाकी रंगाचे पेटंट घेतले, आणि मग खाकी ड्रिल जगभर गेली. ड्रिल म्हणजे जाड सुताचे भारी ट्विलच. आपल्याकडे पोलीस, पोस्टमन आणि शाळेतली मुले यांच्या चड्ड्या-पाटलोणींतून कित्येक पिढ्यांनी ती वापरली. १९६४ साली सरकारने गरिबांसाठी ज्या पाच प्रकारच्या जाड्या-मध्यम कापडांचे भाव बांधून दिले, त्यांत धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग यांच्या जोडीला ड्रिलही होती. तलम वायल त्या यादीत नव्हती. कोणते कापड गरजेचे आणि कोणते हौसेचे, हे सरकारने जणू विणीवरून ठरवले होते.

ट्विल शिवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, रेघेची दिशा. सगळे भाग एकाच तोंडाने बेतावेत. एक पाय सुलटा आणि एक उलटा बेतला तर उजेडात दोन पायांचे रंग दोन दिसतात. कापड एकच असूनही. सुलट बाजू कोणती हे रेघेवरून कळते. खाकी ड्रिलची रेघ सुलटीकडे ठसठशीत आणि उलटीकडे पुसट असते. दोन, तिरकी वीण धुतल्यावर थोडी तिरकीच ओढ घेते. विजारीची बाजूची शिवण धुतल्यानंतर फिरून पुढे येते ती यामुळे. कापड आधी भिजवून, सावलीत वाळवून मग बेतले तर हा दोष पुष्कळ कमी होतो. आणि इस्त्री उलट बाजूने करावी. सुलटीवर गरम इस्त्री दाबली की वर आलेले धागे चपटे होऊन बसायच्या जागी चकाकी येते. ती मग जात नाही.

पॉपलीन : गुळगुळीत पण पाठीत नाजूक

पॉपलीनचे कूळ थोर आहे. हे नाव फ्रेंच ‘पापेलीन’ वरून आले, आणि त्याचा संबंध पोप जेथे राहत त्या फ्रान्समधल्या आव्हिन्याँ शहराशी जोडतात. मूळची पॉपलीन सुती नव्हतीच. ताणा रेशमाचा आणि बाणा लोकरीचा. बारीक रेशमाचे धागे दाट आणि लोकरीचा धागा जाड, त्यामुळे कापडावर आडव्या बारीक कडा उमटत. पुढे कापसाच्या गिरण्यांनी तीच युक्ती सुतात केली. ताण्याचे धागे बाण्याच्या जवळजवळ दुप्पट ठेवायचे. चांगल्या शर्टाच्या पॉपलीनमध्ये चाळीस नंबरचे सूत आणि एका इंचात १३३ उभे व ७२ आडवे धागे, हे प्रमाण व्यापाऱ्यांत प्रसिद्ध आहे. उभे धागे इतके दाट बसतात की बाणा जवळजवळ झाकलाच जातो. म्हणून वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, थोडा चमकदार आणि भरीव. नख लांबीच्या दिशेने हळूच ओढले तर बारीक कडा लागतात. ती पॉपलीनची खूण.

हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. शर्ट किंवा पोलके पाठीवर ताणले जाते ते आडवे, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत. तो सारा ताण आडव्या धाग्यांवर येतो. एका इंचात ते ७२ च, आणि त्यांच्या शेजारी १३३ उभे धागे आरामात बसलेले. म्हणून जुनी पॉपलीन नेहमी उभी फाटते. पाठीच्या मधोमध वरून खाली चीर जाते. बायका म्हणतात, “कापड कुजले.” कापड कुजलेले नसते. बाकीचा शर्ट पाहा, अजून दोन वर्षे चालेल असा असतो.

जुन्या शिंप्यांनी याचा उपाय केव्हाच काढून ठेवला आहे. सदऱ्याच्या खांद्यावर जी दुहेरी पट्टी असते, जिला ते शोल्डर म्हणतात, ती बाकीच्या भागांप्रमाणे उभी न बेतता आडवी बेततात. म्हणजे कापडाचा ताणा खांद्यापासून खांद्यापर्यंत जातो आणि ताण पडतो तेथे १३३ धागे येतात. ही पट्टी केवळ शोभेची नाही. आपल्या वर्गातल्या मुली कापड वाचवण्यासाठी ती उभी बेतायला निघतात तेव्हा मी त्यांना थांबवते. इंचभर कापड वाचते आणि सदऱ्याचे आयुष्य कमी होते. घट्ट बसणारे पोलके पॉपलीनचे करावयाचे असेल तर पाठीत अर्धा इंच सैल ठेवावे. परकर, लहान मुलींचे फ्रॉक, शाळेचे सदरे, लेंगे, उशांचे अभ्रे यांना मात्र पॉपलीनसारखे कापड नाही. तेथे आडवा ताण थोडा, आणि दाट विणीमुळे अंग दिसत नाही, मळ आत शिरत नाही.

पॉपलीनची दुसरी खोड म्हणजे लांबीत आटणे. मागावर ताणा खेचलेला असतो. पाण्यात तो सैल पडतो. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच आखडून घेण्याची पद्धत काढली आणि त्यांच्याच नावावरून ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का काठावर दिसू लागला. तो असेल तर भिजवण्याची काळजी नको. नसेल तर आधी एक रात्र भिजवून ठेवावे.

वायल : पिळाचा चमत्कार

वायल हा शब्दही फ्रेंच. अर्थ, तोंडावरून घ्यावयाचा विरळ पडदा. वीण पॉपलीनसारखीच साधी, पण धागे विरळ, आणि उभे-आडवे जवळजवळ सारखे. मात्र नुसते विरळ विणले म्हणजे वायल होत नाही. तसे केले तर पट्टी बांधण्याचे जाळीदार कापड होते, आणि ते अंगावर घेतले की चिकटते व लोंबते. वायलचे सारे रहस्य तिच्या पिळात आहे. तिच्या सुताला नेहमीच्या सुताच्या सुमारे दीडपट पीळ देतात. दोन बारीक धागे एकत्र वळताना, मुळात ज्या दिशेने पीळ असतो त्याच दिशेने पुन्हा वळतात. नेहमी उलट दिशेने वळतात, म्हणजे सूत मऊ होते. येथे मुद्दाम कडक करतात. मग ज्योतीवरून झपाट्याने नेऊन वरचे केस जाळतात. असे सूत तारेसारखे गुळगुळीत आणि ताठ होते. कापड अंगाला चिकटत नाही, दोन धाग्यांमधली जागा मोकळी राहते आणि वारा खेळतो. उन्हाळ्यात वायल गार लागते ती या कारणाने. केवळ पातळपणाने नव्हे.

‘फुल वायल’ म्हणजे ताणा आणि बाणा दोन्ही दुपदरी. एकपदरी सूत वापरून केलेले कापड स्वस्त असते, पण ते एकदोन वर्षांत विरते. ब्लाउजपीसवर ‘टू बाय टू’ लिहिलेले असते तेही हेच सांगते, की उभे सूत दुपदरी आणि आडवेही दुपदरी. तेथे धागे फुल वायलच्या पातळापेक्षा दाट असतात. आता पॉपलीनची पाठ आठवावी. टू बाय टूमध्ये उभे-आडवे धागे जवळजवळ सारखे असल्याने आडवा ताण सोसायला पुरेसे धागे असतात. अंगाबरोबर बसणाऱ्या ब्लाउजला तेच कापड का चालते, आणि वजनाने दीडपट पॉपलीन का चालत नाही, त्याचे उत्तर हे. जाड म्हणजे टिकाऊ, हा आपला समज येथे खोटा ठरतो.

अशा वायलसाठी ऐंशी ते शंभर नंबरचे सूत लागते, म्हणून लांब तंतूचा कापूस लागतो. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंध व पश्चिम पंजाबातला लांब तंतूचा कापूस पिकवणारा भाग पलीकडे गेला. गिरण्या येथे राहिल्या, कापूस तेथे. त्यानंतर कितीतरी वर्षे मिसर व सुदानच्या कापसासाठी परकीय चलन मोजावे लागले, आणि तरीही १९५० ते १९७० च्या दरम्यान छापील वायलचे पातळ मध्यम वर्गातल्या बाईचे उन्हाळ्याचे वस्त्र झाले. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ ही संकरित जात काढली. जगातली व्यापारी लागवडीची ही पहिली संकरित कपाशी. १९७४ साली कोइमतूरहून ‘सुविन’ आली, जिचे शंभर नंबरच्या पुढचे सूत निघते. पण तोवर नायलॉन आणि टेरिलीनने साडीची बाजारपेठ बळकावली होती. वायलला कापूस मिळाला तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलेले होते.

वायल शिवताना बारीक सुई घ्यावी. कडा मोकळ्या ठेवू नयेत. गुळगुळीत सुताच्या दशा फार लवकर निघतात. शिवण आत मुडपून दुहेरी घालावी. आणि वायल आटते. जितका पीळ अधिक, तितकी पाण्यात आखडण्याची ओढ अधिक.

ऑक्सफर्ड : जोडीने चालणारे

ऑक्सफर्डची कथा थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एका गिरणीने सदऱ्यांची चार कापडे काढून त्यांना ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड आणि येल अशी चार विद्यापीठांची नावे दिली, असे सांगतात. तिघांची नावे पुसली गेली, एक राहिले. याची वीण अशी की दोन बारीक उभे धागे जोडीने चालतात आणि त्यांच्यावरून एक जाड, मऊ, कमी पिळाचा आडवा धागा जातो. त्यामुळे पृष्ठभाग टोपलीसारखा दाणेदार दिसतो. बहुधा ताणा रंगीत आणि बाणा पांढरा असतो, म्हणून लांबून फिकट निळा वाटणारा सदरा जवळून ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. ते पॉपलीनपेक्षा भारी आणि मऊ. इस्त्री मोडली तरी बोभाटा होत नाही. रोज घालावयाच्या सदऱ्याला आणि बुशशर्टाला उत्तम, चुणीदार फ्रॉकला निरुपयोगी. चुण्या गठ्ठ्यासारख्या होतात. झिजते ते कॉलरच्या घडीवर, कारण तेथे रंगीत धाग्यांच्या जोड्या घासून जातात आणि खालचा पांढरा धागा डोकावतो.

आपणां बायकांना या विणीची ओळख निराळ्या नावाने आहे. क्रॉस स्टिचसाठी आपण जे मॅटीचे कापड आणतो, त्यात दोन उभे धागे आणि दोन आडवे धागे जोडीने चालतात. ऑक्सफर्डचे ते चुलत भावंड. चौकटी मोजून कशिदा काढता येतो तो या जोड्यांमुळे.

सोनाराच्या काट्यावर

वर्गात बोलून पटत नाही, म्हणून आम्ही एकदा चौघांचे वजन केले. प्रत्येक कापड आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतले. मग काळजीपूर्वक दहा सेंटिमीटर लांब-रुंद असा चौकोनी तुकडा कापला. असे शंभर तुकडे म्हणजे एक चौरस मीटर, म्हणून हिशेब सोपा. शेजारच्या सोनाराने तुकडे आपल्या काट्यावर घालून दिले. फुल वायल भरली सहा दशांश ग्रॅम, पॉपलीन एक पूर्णांक दोन, ऑक्सफर्ड एक पूर्णांक सहा आणि खाकी ड्रिल अडीच. म्हणजे चौरस मीटरला अनुक्रमे ६०, १२०, १६० आणि २५० ग्रॅम.

मुलींना ग्रॅमांनी काही वाटले नाही. तेव्हा फळ्यावर साडीचा हिशेब मांडला. साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडी कमी, म्हणजे १.१५ मीटर रुंद साडी सव्वासहा चौरस मीटरच्या थोडी वर भरते. ती वायलची असेल तर वजन ३८० ग्रॅम. पॉपलीनची असती तर ७६० ग्रॅम, ऑक्सफर्डची किलोभर आणि ड्रिलची दीड किलोहून अधिक. ओली झाली तर विचारूच नये. वर्ग हसला, पण कोणते कापड कशाला, हे त्यानंतर मला पुन्हा सांगावे लागले नाही.

तुकडे आधी धुण्याचे कारण सांगते. एक पाचवा तुकडाही होता, अगदी स्वस्त पॉपलीनचा. न धुता तो एक पूर्णांक चार भरला, आमच्या चांगल्या पॉपलीनपेक्षाही भारी. धुतल्यावर राहिला एक पूर्णांक एक. तीन दशांश ग्रॅम गेले कोठे? ती खळ होती. म्हणजे रुपयातले सुमारे वीस पैसे आपण पिठाला दिले. दुकानात हे ओळखायला काटा लागत नाही. कापडाचा कोपरा दोन्ही तळव्यांत जोराने चोळावा आणि काळ्या छत्रीवर झटकावा. पांढरी भुकटी पडली तर समजावे. चोळलेला कोपरा उजेडाकडे धरावा. तेवढ्याच जागी कापड विरळ दिसू लागले तर खात्रीच झाली.

आज

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. कापड विणणे थांबले नाही, त्याची जागा बदलली. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांवर ते गेले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालवला. प्रथम तेथे लुगडी विणली जात, पुढे पॉपलीन आणि केंब्रिकसारखी कापडेही निघू लागली. आपण आज दुकानातून परकराची पॉपलीन आणतो तेव्हा तिच्या काठावर गिरणीचे नाव क्वचितच असते. पूर्वी त्या नावावर विश्वास ठेवून कापड घेता येई. नाव गेले, म्हणून आता पारख आपल्या बोटांतच हवी.

तेव्हा खरेदीला जाताना एवढे करावे. तिरकी रेघ दिसली तर ते ट्विल, आणि ते कष्टाच्या कपड्यांना घ्यावे. जोडीजोडीचे दाणे दिसले तर ऑक्सफर्ड, रोजच्या सदऱ्याला. दोन्ही दिसले नाही तर कापड डोळ्यांसमोर उजेडात धरावे. बोटे स्पष्ट दिसली आणि मुठीत दाबून सोडल्यावर कापड स्वतःहून उसळले तर ती खरी वायल. दाबलेलेच राहिले तर पीळ कमी आहे, पैसे परत पर्समध्ये ठेवावेत. बोटे दिसली नाहीत आणि नखाला आडव्या कडा लागल्या तर पॉपलीन. ती खुशाल घ्यावी, परकर-फ्रॉक बेतावेत. आणि सदरा बेतलात तर खांद्याची पट्टी तेवढी आडवी काढावी.